विषय: पहिले बिशप

“येशूचा शिष्य पीटर रोमचा बिशप होता ना, मग एकच प्रमुख सुरुवातीपासूनच होता की?”

रोममध्ये तरी तसं दिसत नाही. इ.स. ९६ च्या आसपास रोमहून करिंथला गेलेल्या पत्रात चर्च चालवणारे वडील, म्हणजे ज्येष्ठ पुढारी, अनेक आहेत, आणि नंतर अँटिओकचा बिशप इग्नेशियस आशिया मायनरमधल्या चर्चना एका बिशपचं ऐका म्हणून बजावतो पण रोमला लिहिताना तिथल्या बिशपचं नावही काढत नाही. पुढे गुप्त ज्ञानानेच मुक्ती मिळते असं मानणारे नॉस्टिक लोक म्हणायला लागले की प्रेषितांची गुप्त शिकवण आमच्याकडे आहे, तेव्हा १८० च्या सुमारास लिऑनचा बिशप आयरेनियस याने लायनसपासून एलुथेरसपर्यंत रोमच्या बारा बिशपांची यादीच दिली, म्हणजे गुप्त काही असतं तर प्रेषितांनी ज्यांच्या हाती चर्च सोपवलं त्यांनाच आधी सांगितलं असतं ना! यादीतले सुरुवातीचे लोक मला तरी वडीलमंडळातलेच ठळक सदस्य वाटतात.