मदत हवी आहे: परवान्यांचा भाव शून्यावर आला, पण कर टिकला; असे का?

ताम्हिणी
एम.ए. अर्थशास्त्राच्या चर्चासत्रासाठी टिपण लिहीत असताना एका जागी अडकले आहे. कार्बन कराचा दर आणि टनभर उत्सर्जनाच्या परवान्याचा बाजारभाव सारखा असेल, तर दोन्ही मार्गांनी प्रदूषण सारखेच घटते, असे आम्हाला शिकवले जाते. युरोपीय संघाने मात्र २००५ मध्ये परवान्यांचा बाजार सुरू केल्यावर टनामागे ३० युरोच्या आसपास गेलेला भाव एप्रिल २००६ नंतर काही आठवड्यांतच निम्म्याखाली आला, आणि २००७ संपताना तो काही सेंटांवर होता. स्वीडनचा १९९१ पासूनचा कार्बन कर त्या काळातही चालूच होता. बहुतेक परवाने फुकट वाटले म्हणून भाव पडला, असे माझे सहाध्यायी म्हणतात. हे कारण पुरेसे आहे का?

चकोर
पुरेसे आहे. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत कोण ठेवतो? कारखान्याच्या खिशातून काहीच गेले नाही, तर तो धूर कशाला कमी करेल? कर लावला की विषय संपतो.

हिशोबनीस
चकोर, फुकट वाटप अन्यायकारक होते हे मान्य, पण भाव त्यामुळे पडला नाही. फुकट मिळालेला परवानाही बाजारात २० युरोला विकता येत असेल, तर कोळसा जाळून तो खर्च करणारी वीज कंपनी त्या २० युरोंवर पाणी सोडत असते. म्हणूनच अनेक युरोपीय वीज कंपन्यांनी फुकटच्या परवान्यांचाही भाव विजेच्या दरात मिळवला आणि भरघोस नफा कमावला.

खरे कारण संख्येत आहे. समजा, दोन कारखाने प्रत्येकी १०० टन उत्सर्जन करतात. पहिल्याला ४० टनांपर्यंत कपात टनामागे ५०० रुपयांत जमते, तर दुसऱ्याला २,००० रुपये लागतात. सरकारने प्रत्येकी ८० परवाने दिले, तर पहिला ४० टन कमी करून उरलेले २० परवाने दुसऱ्याला, समजा, १,००० रुपयांना विकेल. परवान्यांऐवजी १,००० रुपयांचा कर असता, तरी पहिल्यानेच ४० टन कमी केले असते. इथवर तुमचे पुस्तक बरोबर आहे.

आता पुढच्या वर्षी मागणी घटली आणि काहीही न करता दोघांचे उत्सर्जन ७५ टनांवर आले, असे धरा. परवाने १६० आणि गरज १५० टनांची, म्हणजे भाव शून्य, आणि पहिला कारखाना आपली यंत्रणा बंद करून ठेवणार. कर असता तर ती चालूच राहिली असती. उलट तेजी येऊन दोघे १२० टनांवर गेले, तर करामुळे एकूण उत्सर्जन २०० टन होईल. परवाने मात्र ते १६० वरच अडवतील, फक्त भाव २,००० वर जाईल. अंदाज चुकला की कर प्रमाणात चुकतो आणि परवाने भावात.

युरोपात परवाने वाटताना प्रत्यक्ष उत्सर्जनाची पडताळलेली आकडेवारीच हाताशी नव्हती. अंदाज सढळ हाताने केलेले होते. २००५ चे खरे आकडे एप्रिल २००६ मध्ये बाहेर येऊ लागले, तेव्हा परवाने गरजेपेक्षा जास्त असल्याचे उघड झाले. त्यातच २००५ ते २००७ या पहिल्या टप्प्यातील परवाने २००८ पासूनच्या उत्सर्जनासाठी वापरता येणार नव्हते, त्यामुळे शिल्लक साठा मुदत संपलेल्या औषधासारखा झाला.

लेथवाला
आमचे नट-बोल्टचे लहान युनिट आहे आणि थोडा माल जर्मनीला जातो. जानेवारी २०२६ पासून तिकडचा खरेदीदार तार कोणत्या पोलादाची आणि त्यामागे उत्सर्जन किती, हे टनागणिक विचारतो. आपल्याकडे कोळशावर इतकी वर्षे उपकर होता. तो युरोपच्या सीमेवर आयात मालाला लागणाऱ्या कार्बन आकारणीतून वजा होईल का?

हिशोबनीस
हा वेगळा प्रश्न आहे, पण धागा जुळतो. युरोपच्या सीमेवरील आकारणी तिथल्या परवान्यांच्या भावाशी बांधलेली आहे, आणि मूळ देशात प्रत्यक्ष भरलेली कार्बनची किंमत वजा करण्याची तरतूद तिच्यात आहे. तिकडे पैसे आयातदार भरतो, तुम्हाला मात्र माहिती द्यावी लागते. आपला उपकर कोळशाच्या टनावर होता, उत्सर्जनाच्या टनावर नव्हे. त्यामुळे तो कार्बनची किंमत म्हणून धरला जाईल, असे गृहीत धरून दर ठरवू नका. तार पुरवणाऱ्या गिरणीकडून प्रत्यक्ष मोजणीचे आकडे लेखी मागा.

अनवट
कर टिकतो, हे मात्र इतक्या सहज मान्य करू नये. फ्रान्समध्ये टनामागे ४४.६० युरोचा कर २०१९ मध्ये ५५ वर जायचा होता. पिवळ्या जाकिटांचे आंदोलन पेटले आणि वाढ रद्द झाली. पेट्रोल पंपावर दिसणारा दर राजकारणात लवकर सापडतो.

ताम्हिणी
हिशोबनीस, दोन कारखान्यांच्या उदाहरणाने गाठ सुटली, आभार. मग परवान्यांना किमान भावाची जोड दिली तर? ब्रिटनने २०१३ पासून वीजनिर्मितीवर तसा अधिभार लावला आणि तिथली कोळशाची वीज झपाट्याने घटली.

हिशोबनीस
ब्रिटनपुरते ते यश खरे आहे. पण युरोपची एकूण मर्यादा तीच राहिल्यामुळे ब्रिटिश केंद्रांनी न वापरलेले परवाने दुसऱ्या देशातील केंद्रांना मिळू शकत होते. किमान भाव संपूर्ण बाजाराला, म्हणजे लिलावाच्या पातळीवर, असेल तरच ही गळती थांबते.

चकोर
२०१९ पासून जादा परवाने बाजारातून काढून राखीव ठेवतात ना? मग गळती कसली?

हिशोबनीस
काही अंशी थांबते. किती थांबते, हे कपात कोणत्या वर्षी झाली आणि तेव्हा साठा किती होता यावर ठरते, आणि त्यावर जाणकारांचेही एकमत नाही. ताम्हिणी, टिपणात हा भाग उघडाच ठेवा.