हेड झालो म्हणून पाना खाली ठेवायचा?

पानेवाला, भोसरी
गेल्या महिन्यात मेंटेनन्स हेड झालो. कंपनीने लगेच ट्रेनिंगला बसवलं. तिथला माणूस म्हणतो, आता मशीनला हात लावायचा नाही, माणसं घडवायची. ज्याने जन्मात प्रेशर गेज बघितला नाही त्याने हे मला सांगावं? मला प्रेसच्या आवाजावरून फॉल्ट कळतो. वीस मिनिटांत सुटणारं काम पोरांना तीन तास करू द्यायचं आणि तोवर प्रॉडक्शनच्या शिव्या मी खायच्या? नक्की कसल्या सवयी सोडायच्या, सांगा.

जुना वाळूजकर
ट्रेनिंगवाल्याचं चुकलंच, पण तुमचं त्याहून जास्त चुकतंय, म्हणून सविस्तर लिहितो. मी प्लांट सांभाळत असताना दोन मेंटेनन्स हेड जवळून पाहिले. पहिले अगदी तुमच्यासारखे, तयार कानाचे.

एकदा १५० टनी हायड्रॉलिक प्रेसचा दाब चढेना. रोज २०० बारपर्यंत जाणारा काटा ११० वर अडकला. हेड आले, पॉवरपॅकशी मिनिटभर उभे राहिले आणि म्हणाले, "रिलीफ व्हॉल्व्ह." स्वतः उघडला, पॉपेट आणि सीट पुसली, बसवला, काटा पुन्हा २०० वर. सगळे खूश, मीही. काही दिवसांनी तोच प्रेस, तोच ११०, पण रात्रपाळी आणि साहेब गावी. पोरांनी पंपावर संशय घेतला. स्टोअरमधून नवा पंप काढला, कपलिंगचं अलाइनमेंट जुळवण्यात रात्र गेली, आणि सकाळी काटा ११० वरच.

दुसरे हेड आले तेव्हा हा फॉल्ट परत आला. कान त्यांचाही तयार होता, कारण त्यांनी पॉवरपॅककडे पाहून मान हलवलेली मी पाहिली. पण बोलले नाहीत. पोरांना एवढंच विचारलं, "पंपातून निघालेलं तेल जातंय कुठे?"

दाब चढत नाही म्हणजे तेल कुठूनतरी टाकीत परत पळतंय. पंपाच्या आतल्या आत, रिलीफमधून, डायरेक्शन व्हॉल्व्हच्या स्पूलवरून, किंवा सिलिंडरच्या पिस्टन सीलवरून. पोरांनी या चार वाटा फळ्यावर काढल्या. रॅमखाली ब्लॉक लावले, मशीन बंद करून दाब शून्यावर आणला आणि रिलीफच्या पुढची लाइन प्लग केली. पंप चालू केला, काटा तरी ११० वरच. म्हणजे सिलिंडर आणि डायरेक्शन व्हॉल्व्ह सुटले. मग पंपाच्या ड्रेन लाइनचं तेल बादलीत धरून मिनिटाला किती लिटर येतं ते मोजलं. कमिशनिंगच्या नोंदीपेक्षा फारसं जास्त नव्हतं. पंप सुटला. उरला रिलीफ. उघडला तर पायलटच्या सीटवर टेफ्लॉन टेपचा बारीक तुकडा.

खरी गोष्ट पुढेच आहे. एका फिटरने विचारलं, टेप आली कुठून? तेव्हा निघालं की होज बदलताना जोडांवर टेप गुंडाळत होते. सगळे जोड उघडले, टेप काढली, बॉन्डेड सील वापरले. मी असेपर्यंत त्या प्रेसवर तो फॉल्ट परत आला नाही. पहिल्या साहेबांनी वीस मिनिटांत सीट पुसली होती, पण तुकडा कुठून आला हे कोणी विचारलंच नाही, कारण मशीन चालू झालं होतं.

तेव्हा माझं म्हणणं असं. पाना धरा की. सोडायची ती उत्तर आधी बोलून टाकायची सवय. "रिलीफ" असं तुमच्या तोंडून निघालं की समोरच्यांची डोकी थांबतात. मग पाना कोणाच्या हातात आहे याने काहीच फरक पडत नाही. रात्री फोनवरून "अमुक खोला" सांगणं हेही तेच. फोन आला की आधी विचारा, काय काय मोजलं आणि आकडा किती आला. आकडा नसेल तर मोजून परत फोन करायला सांगा.

पानेवाला, भोसरी
गोष्ट छान आहे, पण तुमच्याकडे वेळ होता. आमचा माल थेट ग्राहकाच्या लाइनवर जातो. लाइन थांबली तर डेबिट नोट येते आणि ती फळ्यावर वाटा काढणाऱ्या पोराच्या नावाने येत नाही. दुसरं म्हणजे, शिकवलं की पोरं दोन-तीन हजार जास्त मिळाले म्हणून चाकणला जातात. मी काय चाकणसाठी माणसं घडवायची?

बे एरियातला नाशिककर
आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही. मॅनेजर झालं की कोड लिहिणं बंद, फक्त रिव्ह्यू. मी दुसऱ्यांचा कोड रात्री बसून बदलायचो, ते थांबवलं आणि टीमचा वेग वाढला. तुम्हीही कंपनीकडे टेक्निकल लाइनच मागा, हेडपद कशाला घेतलंत?

पानेवाला, भोसरी
साहेब, तुमचा चुकलेला कोड मागे घेता येतो. इथे रॅमखाली माणसाचा हात असतो. आणि कुठली टेक्निकल लाइन? आमच्याकडे फिटर, सीनियर फिटर, पुढे थेट खुर्ची.

अंबडचा कामगार
आता मुद्द्यावर आलात! सवयींच्या गप्पा नंतर. चांगल्या फिटरला सुपरवायझर करतात ते त्याच्यावर प्रेम आहे म्हणून नाही. कायद्याने ठरवलेल्या तासांवर काम झालं की दुप्पट दराने ओव्हरटाइम द्यावा लागतो. खुर्ची दिली की तो बंद. माझ्या भावाला "ऑफिसर" केलं, पगार थोडा वाढला, ओव्हरटाइम गेला, हातात पूर्वीपेक्षा कमी यायला लागलं. आणि रात्रीचे ब्रेकडाऊन तोच काढतो. वर त्याला सांगायचं की पाना सोड?

जुना वाळूजकर
धागा भलतीकडे चाललाय.

अंबडचा कामगार
तुमच्यासाठी भलतीकडे. तुम्ही प्लांट सांभाळलात, ओव्हरटाइमच्या शीटवर सही तुमचीच असायची.

कोर्टातली ताई
अंबडकरांचं अर्धं बरोबर आहे. नुसतं "ऑफिसर" लिहिल्याने कामगारपण जात नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेतलेल्या २०२० च्या संहितेतही सुपरवायझरला पगाराच्या मर्यादेवर वगळलंय. जुन्या कायद्यात ती मर्यादा २०१० मध्ये १,६०० वरून १०,००० रुपये झाली, संहितेत १८,००० आहे. पण आधी तो खरंच सुपरवायझर ठरावा लागतो, आणि कोर्ट पाटी न बघता मुख्य काम बघतं. दिवसभर हातात पाना, रजा मंजूर करायचा अधिकार नाही, कामाचं वाटप दुसराच करतो, असा माणूस कागदावर काहीही असो, कामगार ठरू शकतो. भावाला सांगा, रोज काय केलं त्याची नोंद ठेवा. ओव्हरटाइमचा प्रश्न मात्र वेगळ्या कायद्याखालचा. देखरेखीच्या पदावरच्यांना त्यातून सूट देणारे राज्याचे नियम असू शकतात, ते वेगळे तपासावे लागतील.

अंबडचा कामगार
मग कंपनीला हवंय तरी काय? पाना धरला तर कोर्टात कामगार, सोडला तर मशीन बंद.

कोर्टातली ताई
कंपनीला दोन्ही हवंय, एका पगारात. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पॉवरपॅकवाली
मी हायड्रॉलिक सर्व्हिस करते, म्हणून वाळूजकर काकांच्या गोष्टीत दोन गोष्टी घालते, नाहीतर उद्या कोणीतरी वाचून करायला जाईल.

एक, ड्रेनचं तेल मोजायची युक्ती बाहेर ड्रेन लाइन असलेल्या पंपावर, म्हणजे बहुतेक पिस्टन पंपावर चालते. साध्या गिअर पंपाला ती लाइनच नसते. तिथे फ्लो मीटर लावावा लागतो.

दोन, प्लग रिलीफच्या पुढेच हवा. पंप आणि रिलीफच्या मधे लावून कोणी पंप चालू केला तर तेलाला सुटायला जागा नाही, आणि फिक्स डिस्प्लेसमेंटचा पंप असेल तर होज, कपलिंग किंवा पंपाचं केसिंग फुटतं. इथे पोरांना "विचार करू द्या" म्हणणारा हेड गुन्हेगार आहे. तसंच चालू मशीनच्या होजवर गळती शोधायला हात फिरवणं. बारीक छिद्रातली धार कातडीत शिरते, वर टाचणीएवढी खूण दिसते आणि बोट गमवायची वेळ येते. पुठ्ठा धरून शोधतात. अ‍ॅक्युम्युलेटर असेल तर मोटर बंद करूनही लाइनमध्ये दाब राहतो, तो सोडल्याशिवाय नट सैल करायचा नाही.

तेव्हा पानेवालादादा, पोरांचं निदान चुकत असेल तर गप्प राहा. माणूस मरेल असं काही होत असेल तर ओरडा, हात धरा. तुम्ही दोन्हीला एकच सवय समजताय.

जुना वाळूजकर
प्लगचा मुद्दा मान्य. आमच्या हेडनी प्लगची जागा स्वतः बघितल्याशिवाय पंप चालू करू दिला नव्हता. ते लिहायला हवं होतं.

रात्रपाळी
मी अशाच एका हेडखाली काम करतो, कंपनीचं नाव नको. ब्रेकडाऊन झाला की आम्ही गेज बघत नाही. बघून काय करायचं? साहेब येऊन सगळं पहिल्यापासून स्वतः तपासतात, आम्ही सांगितलेला आकडासुद्धा परत घेतात. त्यामुळे आम्ही फोन करतो आणि चहा घेतो. मग साहेब म्हणतात, पोरांना जबाबदारी नाही. पोरं चाकणला पैशासाठी जातात हे खरं आहे. पण आमच्यातला एक कमी पगारावर गेला. त्याला तिथे सर्वो ड्राइव्ह उघडू देतात.

पानेवाला, भोसरी
कमी पगारावर कोणी जात नाही. काहीतरी दुसरं कारण असेल.

रात्रपाळी
बघा, हेच. मी सांगितलेलं तुम्हीही परत तपासायला लागलात.

पानेवाला, भोसरी
बरं बाबा. आकडा परत घ्यायचा नाही, हे मान्य. गेज आपलाच, पोरंही आपलीच. पण चालू ऑर्डरवर शाळा भरवणार नाही, कोणी काहीही म्हणा.

जुना वाळूजकर
भरवू नका. जिच्यावर ग्राहकाची लाइन अवलंबून आहे त्या मशीनवर तुम्हीच जा आणि वीस मिनिटांत चालू करा. पण काढलेला व्हॉल्व्ह फेकू नका. दुसऱ्या दिवशी बेंचवर पोरांसमोर ठेवा आणि त्यांनाच उघडू द्या. बाकी मशीनसाठी प्रॉडक्शनशी आधी बोलून ठेवा, की अमुक मशीन बंद पडलं तर पोरांना एक तास, तासाने मी. ब्रेकडाऊन झाल्यावर हे बोलायला गेलात तर शिव्याच मिळतील.

पॉवरपॅकवाली
आणि साप्ताहिक सुट्टीच्या मेंटेनन्सला एकदा मुद्दाम रिलीफचं सेटिंग कमी करून ठेवा. पोरांना म्हणा, काटा ११० वर का अडकलाय शोधा. उत्तर जिभेखाली धरून बसा.

पानेवाला, भोसरी
येत्या सुट्टीला प्रेस मोकळा आहे, करून बघतो. तासाभरात पंप खोलायला घेतला तर मात्र मी मधे पडणार.

जुना वाळूजकर
खोलायच्या आधी ड्रेन मोजला का, एवढंच विचारा.

अंबडचा कामगार
सुट्टीच्या दिवशीचं काम ओव्हरटाइममध्ये धरणार ना पोरांचं?