'इनफ गुड' सरसकट चूक का? आणि 'टू हॅपी'चं काय?

अर्जदार_सांगली: नोकरीच्या अर्जात लिहिलंय, "आय ॲम टू हॅपी टू जॉइन युअर टीम. माय इंग्लिश इज इनफ गुड फॉर धिस जॉब." मित्र म्हणतो, दोन्ही वाक्यं चुकली. खरंच?

खडू_फळा: चुकलीच. 'इनफ' कायम मागून लावायचा: गुड इनफ, बिग इनफ, मनी इनफ. आणि 'टू' वाईट गोष्टीला, 'व्हेरी' चांगल्या गोष्टीला. झालं!

मुद्रितशोधक: सर, 'मनी इनफ' आज जुनाट वाटतं, 'इनफ मनी'च म्हणतात. 'इनफ' विशेषणाच्या मागून येतो, पण नामाच्या आधी. आपण 'पुरेसं चांगलं' म्हणतो, म्हणून हात 'इनफ गुड'कडे वळतो. आणि तेही दरवेळी चूक नसतं. "वी डोन्ट हॅव इनफ गुड टीचर्स" म्हणजे चांगले शिक्षक कमी पडतात. "अवर टीचर्स आर नॉट गुड इनफ" म्हणजे शिक्षक असतील ढीगभर, शिकवणं यथातथाच. पहिलं वाक्य शिक्षकांच्या खोलीत खपेल, दुसऱ्यावर भांडण होईल! अर्जात 'गुड'नंतर नाम नाही, थेट 'फॉर' आहे. म्हणून 'गुड इनफ'.

'टू'चा वाईटाशी संबंध नाही, हद्द ओलांडण्याशी आहे. पेटी 'व्हेरी हेवी' असली तरी दोघं मिळून उचलतील. 'टू हेवी टू लिफ्ट' म्हटलं की उचलणं संपलं. त्याच चालीवर 'टू हॅपी टू जॉइन' म्हणजे आनंद एवढा, की रुजूच होता येत नाही.

चहा_कटिंग: आमचे साहेब प्रत्येक कामावर 'टू गुड!' लिहितात. काम हद्दीबाहेर गेलं असं कुणी समजत नाही. भारतात हे रुळलंय, उगाच कीस काढू नका.

खडू_फळा: रुळलं म्हणून पेपरात मार्क मिळतात का?

मुद्रितशोधक: गप्पांत चालतं की. 'यू आर टू काइंड' इंग्रजही कौतुकानेच म्हणतात.

लंडनवासी: माझा अनुभव उलटा आहे. इथे ईमेलमध्ये "युअर ऑफर इज टू गुड" लिहिलं, तर वाचणारा पुढच्या 'टू बी ट्रू'ची वाट बघतो. बाहेर जाणाऱ्या मजकुरात मी तरी नाही लिहिणार.

अर्जदार_सांगली: 'ओन्ली टू हॅपी टू हेल्प' वाचल्याचं आठवतंय. मग नुसतं 'ओन्ली' घालून भागेल?

मुद्रितशोधक: 'ओन्ली' आला की अर्थ फिरतो, 'अगदी आनंदाने' असा होतो. पण ते कुणी काम सांगितल्यावर शोभतं. इथे नोकरी अजून मिळायची आहे, तेव्हा "आय वुड बी व्हेरी हॅपी टू जॉइन".

चहा_कटिंग: आणि 'गुड इनफ' म्हणजे कामचलाऊ ना? शब्दांचा क्रम बरोबर, पण स्वतःच्या अर्जात स्वतःला कामचलाऊ कोण म्हणवतं?

खडू_फळा: यावेळी तुमच्याशी सहमत. ते वाक्यच काढा.

मुद्रितशोधक: मी ठेवलं असतं. जाहिरातीत इंग्रजीची अट असेल तर ती पुरी होते, एवढंच ते सांगतं.