मदत हवी आहे: शुक्र-शनि आणि शनि-रवि वीकेंड, एकाच कामाच्या दोन वेगळ्या तारखा येतायत

गार्गी_
उद्या सकाळी पाठवायचंय, त्यामुळे लवकर सांगा. प्रोजेक्टमध्ये दोन टीम आहेत. एकीचा वीकेंड शनि-रवि, दुसरीचा शुक्र-शनि. एकूण २१ दिवसांचं काम, सुरुवात ७ सप्टेंबर २०२६. मी एक्सेलमध्ये काढलं तर शेवट ५ ऑक्टोबरला येतो. दुसऱ्या टीमचा लीड म्हणतो १३ ऑक्टोबर. मी त्याची शीट तपासली, चूक सापडत नाही. माझ्यातही सापडत नाही. खरी तारीख कुठली? दोघांचे सोमवार ते गुरुवार सामायिक असतात हे मला माहीत आहे, ते कृपया सांगू नका.

शंकेखोर
२१ दिवस कोणाचे? एकाच टीमचे की दोघांचे मिळून? आणि देश कुठले? "शुक्र-शनि" म्हटलं की देश कळत नाही.

जुना_खलाशी
सौदी असेल तर तिथे गुरुवार-शुक्रवार सुट्टी असते. मी तिथे पाच वर्षं काढली आहेत. तुमचं गणित पहिल्या पायरीलाच चुकलंय.

कॅलेंडरवाला
खलाशी साहेब, तुम्ही होतात तेव्हा तसंच होतं. जून २०१३ मध्ये सौदीने गुरु-शुक्र सोडून शुक्र-शनि केलं.

जुना_खलाशी
असेल. मी २००९ ला परत आलो. पण मग सगळ्या आखाती देशांत शुक्र-शनिच धरायचं ना?

कॅलेंडरवाला
तेही नाही. अमिरातीत १ जानेवारी २०२२ पासून सरकारी कचेऱ्यांना शनि-रवि सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस. शारजाचं सरकार तर शुक्र, शनि, रवि असे तीन दिवस बंद. कतार, कुवेत शुक्र-शनिवरच आहेत. म्हणून देश विचारावाच लागतो, आणि कधीकधी देशातला भागही.

गार्गी_
म्युनिक आणि रियाध. मी म्युनिकच्या बाजूला. कंट्रोल सॉफ्टवेअरचं काम आहे. आधी आम्ही कॉन्फिगरेशन करतो, ८ दिवस. मग रियाधची टीम साइटवर बसवते, ६ दिवस. त्यातल्या त्रुटी आम्ही काढतो, ४ दिवस. शेवटी दोघांनी मिळून अंतिम चाचणी, ३ दिवस. झाले २१. हे आधी लिहायला हवं होतं, पण मला वाटलं एकूण आकडा पुरे.

तिरकस
एकूण आकडा पुरला असता तर दोन तारखा आल्या असत्या का?

झटपट_उपाय
एवढा घोळ कशाला? सगळ्यांसाठी सोमवार ते गुरुवार धरा. आठवड्याचे चार दिवस, कोणाची तक्रार नाही. आम्ही तीन देशांत असंच चालवतो, कधी अडलं नाही.

कॅलेंडरवाला
अडलं नसेल, पण कामं लांबली असतील आणि कोणी मोजलं नसेल. रियाधच्या लीडने नेमकं हेच केलंय. सोम ते गुरु धरून, वर २३ सप्टेंबरचा सौदी राष्ट्रीय दिवस (यंदा बुधवारी) वगळून २१ दिवस मोजा, बरोबर मंगळवार १३ ऑक्टोबर येतो. गार्गीताईंनी सगळ्यांना सोम-शुक्र लावलं आणि कुठलीच सुट्टी घातली नाही, म्हणून ५ ऑक्टोबर.

दोन्ही बेरजा बरोबर आहेत, कॅलेंडर चुकलंय. म्युनिकची माणसं शुक्रवारी काम करतात, मग त्यांच्या एकट्याच्या कामातून शुक्रवार का काढायचा? रियाधची माणसं रविवारी साइटवर असतात, तो दिवस का फुकट घालवायचा? ज्याचं काम त्याचं कॅलेंडर. सामायिक चार दिवस फक्त शेवटच्या चाचणीला, कारण तिथे दोघं लागतात.

आता मोजून बघा. म्युनिकचे ८ दिवस ७ सप्टेंबरपासून, संपतात बुधवारी १६ ला. रियाध गुरुवारी १७ ला हात घालते, मग शुक्र-शनि बंद, २०, २१, २२, मधे २३ ची सुट्टी, २४, पुन्हा शुक्र-शनि, आणि सहावा दिवस रविवार २७. म्युनिक २८, २९, ३० आणि १ ऑक्टोबर. १ ला गुरुवार आहे, म्हणजे चाचणी सोमवारी ५ ला सुरू आणि बुधवारी ७ ऑक्टोबरला संपते. तुमची तारीख ७ ऑक्टोबर.

एक्सेलमध्ये प्रत्येक ओळीचा शेवट मागच्या ओळीच्या शेवटावरून काढा. G मध्ये म्युनिकच्या सुट्ट्या, H मध्ये रियाधच्या, I मध्ये दोन्ही एकत्र:

```
B2: =WORKDAY.INTL(DATE(2026,9,6),8,1,G2:G9)
B3: =WORKDAY.INTL(B2,6,7,H2:H9)
B4: =WORKDAY.INTL(B3,4,1,G2:G9)
B5: =WORKDAY.INTL(B4,3,"0000111",I2:I17)
```

1 म्हणजे शनि-रवि सुट्टी, 7 म्हणजे शुक्र-शनि. शेवटच्या ओळीतले सात अंक सोमवारपासून मोजायचे, 1 असेल तो दिवस बंद. पहिल्या ओळीत ६ तारीख अशासाठी, की हे सूत्र दिलेल्या तारखेच्या पुढच्या दिवसापासून मोजतं.

मृद्गंध
टाइमझोनचं कोणी बोललंच नाही! रियाध म्युनिकच्या एक तास पुढे आहे, पण २५ ऑक्टोबरला जर्मनीची घड्याळं मागे गेली की दोन तास होतील. आमची एक मीटिंग यातच हुकली होती. सगळं यूटीसीमध्ये ठेवा.

तिरकस
ताई, प्रश्न तारखांचा आहे, तासांचा नाही. आणि काम ७ ला संपतंय.

मृद्गंध
संपतंय असं तुम्ही म्हणताय. 🙂

गार्गी_
सूत्र टाकलं तर एक्सेल एंटरच घेत नाही, सूत्रात अडचण आहे म्हणतं.

शंकेखोर
मशीनची प्रादेशिक सेटिंग जर्मन आहे का? मग स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम हवा. अख्खं एक्सेलच जर्मन भाषेत असेल तर फंक्शनचं नावही `ARBEITSTAG.INTL` लिहावं लागेल.

गार्गी_
अर्धविराम! धन्यवाद. पण रियाधची ओळ २४ सप्टेंबर दाखवतेय, २७ नाही.

कॅलेंडरवाला
म्हणजे २३ ची सुट्टी धरली गेली नाही. B3 मध्ये H ऐवजी G ची यादी लागली असेल, वरची ओळ खाली ओढल्यावर हमखास होतं.

गार्गी_
हो, तेच. आता ७ ऑक्टोबर आलं. आणखी एक, ३ ऑक्टोबरला जर्मनीची राष्ट्रीय सुट्टी आहे, ती यंदा शनिवारी. सोमवारी बदली सुट्टी धरू का?

कॅलेंडरवाला
नको. शनि-रविवारी आलेली सुट्टी जर्मनीत बुडाली ती बुडाली. सौदीत राष्ट्रीय दिवस शुक्र-शनिवारी आला तर बदली देतात. त्यामुळे नुसती तारीख उतरवू नका, त्या देशात ती सुट्टी खरोखर कुठल्या दिवशी घेतली जाते ते पाहून यादीत घाला.

चिनी_बोर
यादी आणि वीकेंड दोन्ही बरोबर असूनही हे सूत्र चीनसाठी फसतं. तिथे लांब सुट्टीच्या बदल्यात शनि-रवि कामाचे करतात. २०२४ मध्ये १ ते ७ ऑक्टोबर सुट्टी होती आणि त्यापायी २९ सप्टेंबरचा रविवार व १२ ऑक्टोबरचा शनिवार कामाचा. वीकेंडमधला एखादा दिवस चालू करायची सोय या फंक्शनमध्ये नाही, मला दरवर्षी हाताने जुळवावं लागतं.

गार्गी_
आमच्यात चीन नाही. पण हो, सांगायचं राहिलं, अंतिम चाचणीला दुबईचा एक पुरवठादारही ऑनलाइन हवा. त्याने बिघडेल का?

शंकेखोर
अजून कोण कोण आहे ते एकदाच सांगून टाका ना. 😀

कॅलेंडरवाला
त्याचा वीकेंड शनि-रवि असेल तर काहीच बदलत नाही, सोम ते गुरु तिघांनाही चालतात. शुक्रवारी अर्धा दिवस असला तरी शुक्रवार आपण वापरतच नाही. त्याच्या सुट्ट्या मात्र I च्या यादीत घाला.

खरी काळजी वेगळ्या ठिकाणी आहे. तुमचं पहिलं काम एक दिवस लांबलं तर? १६ ऐवजी गुरुवार १७ ला संपेल, रियाध रविवारी २० ला सुरू करेल, आणि शेवटी तारीख तीच, ७ ऑक्टोबर. दोन दिवस लांबलं, शुक्रवारी संपलं, तरीही रियाध रविवारीच सुरू करणार, तरीही ७. तिसऱ्या दिवशी मात्र, म्हणजे सोमवारी २१ ला संपलं, की रियाधचं काम ३० ला संपतं, तुमचं ६ ऑक्टोबरला, आणि चाचणी ७, ८ करून तिसऱ्या दिवसासाठी थेट सोमवार १२ उजाडतो. दोन दिवस फुकट मिळतात, तिसरा दिवस पाच दिवसांचा पडतो. B2 मध्ये 8 च्या जागी 9, 10, 11 टाकून स्वतः बघा.

झटपट_उपाय
म्हणूनच म्हणत होतो, १३ तारीख कळवून मोकळ्या व्हा. मधे काहीही झालं तरी आत बसतं.

कॅलेंडरवाला
मार्जिन हवं तर मार्जिन म्हणून दाखवा ना. गणितात लपवलं की मधल्या टप्प्यांच्या तारखाही खोट्या होतात. तुमच्या पद्धतीने म्युनिकचं पहिलं काम १७ ला संपतं, म्हणजे रियाध रविवार २० आधी लोकांना साइटवर बोलावणारच नाही. १६ ला तयार असलेलं काम गुरुवारी पडून राहील.

झटपट_उपाय
एक गुरुवार. आभाळ कोसळत नाही.

जुना_खलाशी
रियाधवाल्यांना एखाद्या शुक्रवारी बोलावता येणार नाही का? आमच्या वेळी यायचे.

निरागस_प्रश्न
ईदचं काय? २०२३ मध्ये सौदीत ईद २१ एप्रिलला आली आणि आम्ही सगळीकडे २२ धरली होती. पूर्ण दिवस वाया गेला.

तिरकस
सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ईद कुठून आणली?

गार्गी_
खलाशी काका, शुक्रवारी बोलवायचा विषयसुद्धा मी काढणार नाही, तो त्यांचा जुम्म्याचा दिवस. ईदचं मात्र विचारते, कारण दुसरा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे.

कॅलेंडरवाला
मग निरागसजी बरोबर वेळी बोलले. २०२७ चा रमजान ८ फेब्रुवारीच्या आसपास सुरू होईल आणि ईद ९-१० मार्चच्या सुमारास. चंद्र दिसण्यावर असल्याने ईदच्या दोन्ही बाजूंना एक-एक दिवस मोकळा ठेवा आणि त्या आठवड्यात दोघांनी मिळून करायचं काही लावू नका. त्याहून मोठा फरक रमजान महिन्याचा पडतो. सौदी कायद्याने मुस्लिम कामगारांना तेव्हा दिवसाला जास्तीत जास्त सहा तास. तुमचं आठ तासांच्या हिशेबाने ६ दिवसांचं काम ४८ तासांचं आहे, ते ८ दिवस घेईल. सुट्ट्यांच्या यादीत हे कुठेच दिसणार नाही, दिवसांचा आकडाच बदलावा लागेल. शिवाय २२ फेब्रुवारीला त्यांचा स्थापना दिवस, सोमवार आहे, तो यादीत घाला.

गार्गी_
७ ऑक्टोबर पाठवलं, सोबत तिसऱ्या दिवसाची ती धोक्याची ओळही. रियाधचा लीड मान्य म्हणाला. पण त्यानेच नवीन खुसपट काढलंय. करारात लिहिलंय की चाचणीनंतर "कामाच्या ५ दिवसांत" शेरे द्यायचे. शेरे त्यांनी द्यायचे, वाट आम्ही बघायची. दिवस कोणाचे धरायचे?

शंकेखोर
करारात "कामाचा दिवस" याची व्याख्या नाही?

गार्गी_
नाही.

झटपट_उपाय
सोम ते गुरु!

कॅलेंडरवाला
शेरे ते देणार तर त्यांचे दिवस, असं मी म्हणेन. चाचणी बुधवारी ७ ला संपली तर ८, ११, १२, १३, १४, म्हणजे १४ ऑक्टोबर. म्युनिकच्या दिवसांनी मोजलं तरीही १४ च येतं, त्यामुळे या वेळी भांडण नाही. चाचणी १२ ला संपली तरी रियाधच्या हिशेबाने १९, सोमवार, आणि तुमच्या हिशेबानेही १९ च.

शंकेखोर
आणि करार कुठल्या देशाच्या कायद्याखाली आहे, ते?

गार्गी_
बघून सांगते.