मदत हवी आहे: फोटोवरून ब्लूप्रिंट, पण मापं चुकतात

लेथ मशीनच्या फोटोवरून निळ्यावर पांढऱ्या रेघांचं ब्लूप्रिंट करतोय. एज डिटेक्टने तेलाचे डागही रेघा म्हणून उमटले, म्हणून Inkscape मध्ये हातानेच रेघा ओढल्या. ते जमलं. अडलंय मापांवर.

बेडची पुढची कड 1200 मिमी, फोटोत 2400 पिक्सेल. म्हणजे पिक्सेलला अर्धा मिमी. त्याच हिशेबाने चकचा व्यास 184 येतो, टेपने मोजला तर 200! फोटो साधारण दोन मीटरवरून काढलाय आणि चक कडेच्या वीतभर मागे आहे, त्यामुळे तो लहान दिसतो. पर्स्पेक्टिव्ह करेक्शननेही हा फरक जात नाही.

आता चकला वेगळी स्केल लावू, की लांबून झूम करून नवा फोटो काढू? रेघ 184 ची आणि आकडा 200 चा, हे मला खटकतंय.