मदत हवी आहे: सप्टेंबरच्या हेडकाउंट रिपोर्टमध्ये २ माणसं जास्त येताहेत

मीनल_बुटीबोरी
नमस्कार. बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत एचआरला आहे. बुटीबोरी आणि हिंगणा असे दोन प्लांट, ऑफिस वर्धा रोडला. १ सप्टेंबरचं ओपनिंग ४१२, महिन्यात १४ जॉइन झाले, ९ सोडून गेले. म्हणजे क्लोजिंग ४१७ यायला हवं. पण सिस्टीममधून ३० तारखेची यादी काढली तर ४१९ नावं येतात. शिवाय बुटीबोरीने ५ ट्रान्सफर बाहेर दाखवल्या आहेत, हिंगण्याने आत ४ दाखवल्या. रिपोर्ट उद्या द्यायचा आहे. कालपासून याद्या चाळतेय, डोळे दुखायला लागले.

प्रणय_एचआर
ताई, ज्यांचा शेवटचा दिवस ३० तारीख आहे असे किती? सिस्टीम त्यांना त्या दिवशी अ‍ॅक्टिव्हच धरते आणि तुमच्या सोडून गेलेल्यांच्या यादीतही ते असतात. आमच्याकडे दर महिन्याला हेच होतं. तेवढे क्लोजिंगमधून काढा, जुळेल. ट्रान्सफरने टोटल बदलत नाही, ते सोडून द्या.

मीनल_बुटीबोरी
अरे हो, दोघं आहेत! ३० ला रिलीव्ह झाले. काढले की ४१७. खूप आभार!

सुधाकर_काका
मीनल, लगेच पाठवू नकोस. फरक २ आणि सापडले २, म्हणून काम झालं असं नसतं. एक माणूस जास्त आणि एक कमी असेल तर टोटल गप्प बसते. आकडे जुळवू नकोस, माणसं जुळव. दोन्ही तारखांच्या पूर्ण याद्या दोन शीटवर घे, कॉलम A मध्ये एम्प्लॉयी कोड, आणि Opening शीटवर हे टाक:

```
=COUNTIF(Closing!$A:$A,A2)
```

जिथे ० येईल ते कोड महिन्यात गायब झाले. मग Closing शीटवर उलटं कर, तिथे ० येईल ते नवीन आले. या दोन याद्या तुझ्या ९ आणि १४ शी नावानिशी लावून बघ. क्लोजिंगमधून काही काढायच्या आधी कर, नाहीतर खूण पुसली जाईल.

हिंगणा_रोड
आमचाही हाच त्रास आहे भाऊ. पीएफच्या ईसीआरमध्ये नावं जास्त अन् हेडकाउंट कमी.

सुधाकर_काका
ते वेगळं आहे. १० तारखेला सोडून गेलेल्यालाही दहा दिवसांचा पगार मिळतो, म्हणून तो त्या महिन्याच्या ईसीआरमध्ये असतो. महिनाअखेरच्या हेडकाउंटमध्ये नसतो. तो फरक राहणारच.

मीनल_बुटीबोरी
काका, केलं. नवीन आलेले १५ निघाले, गायब ८. ४१२ + १५ − ८ = ४१९, म्हणजे सिस्टीमची यादी बरोबर लागते.

१५ वा एक फिटर आहे. २८ ऑगस्टला रुजू झाला, पण प्लांटने एंट्री ३ सप्टेंबरला केली. ऑगस्टच्या क्लोजिंगमध्येही नाही, सप्टेंबरच्या जॉइनिंगमध्येही नाही. गायब ८ मध्ये माझ्या यादीतले ७ आहेत (३० तारखेचे दोघं अजून अ‍ॅक्टिव्ह दिसतात) आणि आठवा कोड एका ट्रेनीचा. तो पर्मनंट झाला, नवीन कोड मिळाला, तो जॉइनर म्हणून मोजला गेला. जुना कोड नुसताच बंद. माणूस कुठेच गेलेला नाही!

सुधाकर_काका
बघ, फिटर एक वाढवतो, ट्रेनी एक कमी करतो, म्हणून ४१७ बरोबर वाटत होतं. आता ऑगस्टचा दिलेला आकडा बदलू नकोस. ४१२ च्या खाली 'मागील महिन्याची दुरुस्ती +१' अशी ओळ घाल. ट्रेनीला जॉइनिंगमधून काढून 'ट्रेनी ते पर्मनंट' या ओळीत दाखव, आत १ बाहेर १. मग ४१२ + १ + १३ − ९ = ४१७. क्लोजिंग दिवस संपल्यावरचं धर, म्हणजे ३० चा माणूस सप्टेंबरमध्येच गेला. ओपनिंगमध्ये ३१ ऑगस्टला सुटलेलं कोणी राहिलंय का?

मीनल_बुटीबोरी
नाही, एकही नाही.

प्रणय_एचआर
पण काका, त्याने ३० ला पूर्ण शिफ्ट केली, पगारही घेतला. आम्ही त्याला १ तारखेला गेला असं धरतो.

सुधाकर_काका
तसंही चालतं, पण मग त्याला सप्टेंबरच्या सोडून गेलेल्यांत मोजायचं नाही. अर्धं या नियमाने, अर्धं त्या नियमाने, तिथेच दोन माणसं वाढतात. आणि ट्रान्सफर सोडून देऊ नका. टोटल लागते, पण प्लांटचं क्लोजिंग चुकतं.

मीनल_बुटीबोरी
पाचवा ट्रान्सफरचा माणूस सापडला. बुटीबोरीने २९ ला सोडला, हिंगण्यात १ ऑक्टोबरला हजर. सिस्टीममध्ये अजून बुटीबोरीतच दिसतो. ३० ला त्याला कुठे धरू? बुटीबोरीचे मॅनेजर म्हणतात आमचा नाही, हिंगण्याचे म्हणतात आमच्याकडे आलाच नव्हता.

सुधाकर_काका
मी असतो तर हिंगण्याने हजर करून घेईपर्यंत बुटीबोरीत ठेवला असता आणि ऑर्डरवरची तारीख १ ऑक्टोबर करून घेतली असती. म्हणजे सप्टेंबरला दोन्हीकडे ४. पण ऑर्डरवर काय लिहिलंय ते आधी बघ.

मीनल_बुटीबोरी
ऑर्डरवर तारीखच नाही, नुसतं 'तत्काळ' लिहिलंय. सकाळी दोन्ही मॅनेजरना एकाच फोनवर घेते.