खातं एकच, मग प्रगती दोन ठिकाणी का?

समीर: फोनवर माइनक्राफ्ट बेडरॉक खेळतो. आता तेच कॉम्प्युटरवर घेतलं आणि त्याच मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं. स्किन आले, माइनकॉइन्स आले, पण माझी वर्ल्ड कुठेच दिसत नाही. हे बरोबर आहे का?

ऋता: मला तरी पटत नाही. गेनशिन इम्पॅक्ट फोनवर बंद करून कॉम्प्युटरवर उघडा, तीच पात्रं, तोच क्वेस्ट. खातं आहे म्हणजे सगळं क्लाउडवर असतंच, मग वर्ल्डच का अडवून ठेवायची?

कुदळवाला: ऋता, तिथेच गल्लत होते. गेनशिनची प्रगती फोनवर नसतेच, ती सर्व्हरवर असते. म्हणून नेट गेलं की खेळ थांबतो. तिथेही फोनवर आशिया आणि कॉम्प्युटरवर युरोप सर्व्हर निवडलात, तर त्याच खात्यात खेळ पहिल्यापासून सुरू होतो. माइनक्राफ्टमध्ये खरेदीची नोंद खात्यावर असते, पण वर्ल्ड जिथे बनवली त्याच उपकरणात राहते.

समीर, वर्ल्डच्या नावाशेजारच्या पेन्सिलवर टॅप करा, खाली Export World मिळेल. तयार झालेली .mcworld फाइल कॉम्प्युटरवर नेऊन उघडा. पण ही निव्वळ प्रत आहे, हे ध्यानात ठेवा. शनिवारी फोनवर किल्ला बांधलात आणि रविवारी कॉम्प्युटरवर खाण खणलीत, तर किल्ला एका वर्ल्डमध्ये आणि खाण दुसरीत. दोन्ही जोडायची सोय खेळात नाही. फाइल पुन्हा उघडली तरी जुनी वर्ल्ड बदलत नाही, यादीत आणखी एक येते. नावात तारीख घातली नाहीत, तर ताजी कुठली ते उघडून पाहावं लागेल.

निनाद: माझा भाऊ कॉम्प्युटरवर जावा एडिशन खेळतो, मी फोनवर. त्याच्या वर्ल्डमध्ये मला जाता येत नाही. इथेही एक्सपोर्टच करायचं का?

कुदळवाला: नाही, तुमचा प्रश्न वेगळा आहे. जावा आणि बेडरॉक एकत्र खेळत नाहीत. 2022 पासून कॉम्प्युटरवर दोन्ही एकत्रच विकतात, तेव्हा भावाकडे बेडरॉक असेलही. ते उघडून त्यात वर्ल्ड बनवू दे. दोघांचं व्हर्जन सारखं हवं.

तन्मयी: वर्ल्ड माझ्याच उपकरणात असते, हेच मला आवडतं. नेट नसताना खेळता येतं आणि कुणी सर्व्हर बंद केला म्हणून माझं काही जात नाही. ज्याला दोन्हीकडून एकच वर्ल्ड हवी, त्याने रेल्म्स घ्यावं.

ऋता: रेल्म्सला दर महिन्याला पैसे लागतात. स्वतःच्याच वर्ल्डसाठी भाडं का द्यायचं? आणि अँड्रॉइडवर स्टोरेज Application वर असताना गेम अनइन्स्टॉल केला तर वर्ल्डही जाते, तेव्हा तुमच्या हातात काय उरतं? वर्ल्ड उपकरणात ठेवा, पण नेट आलं की आपोआप सिंक करा.

कुदळवाला: आणि दोन्हीकडे नेट नसताना खेळलात तर? एक प्रत टाकूनच द्यावी लागेल. किल्ला की खाण?

ऋता: ते मला विचारा, मी निवडेन. आत्ता तर विचारतही नाहीत.

तन्मयी: घाईत चुकीचं बटण दाबलं तर किल्ला गेला. त्यापेक्षा मला दोन वर्ल्ड परवडल्या.